साबुदाणा वडा फुटू नये, तेल पिऊ नये: आषाढी एकादशीपर्यंतच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार, संकष्टी. सातारा, व्यंकटपुरा पेठ

आज दुपारी कढईत तीन वडे फुटले. पहिला फुटला तेव्हा वाटलं, एखादी मिरची तडकली असेल. दुसरा फुटला तो मात्र फटाक्यासारखा. वडा अर्धा उडून ओट्यावर पडला आणि तेलाचे थेंब शेजारच्या काकूंच्या मनगटावर गेले. नळाखाली वीस मिनिटं हात धरायला लावला. फोड आला नाही, पण कातडी लाल झाली आहे.

तीन आठवड्यांनी आषाढी एकादशी आहे, ६ जुलैला. त्या दिवशी घरी अठरा माणसं जमणार. आईने सगळ्यांना वड्यांचं सांगून ठेवलंय आणि तिचं मनगट दुखत असल्यामुळे तळणं माझ्याकडे आलंय. माणशी तीन धरले तरी चोपन्न वडे. लहान मुलं स्वयंपाकघरात ये-जा करणार. वडे फुटत असतील तर मी तळायला उभा राहणार नाही, हे आईला सांगून टाकलं. म्हणून आजपासून लिहून ठेवतो.

आज काय झालं ते आधी. साबुदाणा भिजवायचा राहून गेला होता. साडेअकराला आठवण झाली, तेव्हा धुऊन कोमट पाण्यात ठेवला आणि एकला मळायला घेतला. म्हणजे दीड तास. हाताला मऊ लागत होता, चिकटतही होता, त्यामुळे भिजला असंच वाटलं. न फुटलेला एक वडा मोडून पाहिला. आत प्रत्येक दाण्याच्या मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका. काकूंनी तो दाणा दाताखाली धरला आणि म्हणाल्या, "अरे, हा तर कच्चाच आहे. वरून ओला, आतून कोरडा. हाच उडतो."

१५ जून, रविवार

तळणं नाही. आज फक्त भिजवणं.

मध्यम दाण्याचा साबुदाणा, चार वाट्यांत प्रत्येकी १०० ग्रॅम. तिन्हीत्रिकाळ वापरतो तोच, मोती चौकाजवळच्या दुकानातला. चारही वाट्या तीन-तीन पाण्यांनी धुतल्या. पहिलं पाणी दुधासारखं येतं, तिसरं नुसतं धूसर. ही पिठी धुवायलाच हवी. ती राहिली तर दाण्यांवर खळीसारखा थर बसतो, दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि गोळ्याच्या आतल्या दाण्याला पाणी पोचत नाही. धुऊन चाळणीत पाच मिनिटं निथळल्यावर वजन केलं. १०० चे साधारण १३५ ग्रॅम झाले होते. म्हणजे धुण्यातच दाणा बरंच पाणी घेतो, हे मला माहीत नव्हतं.

पहिल्या वाटीत वरून पाणी घातलं नाही, झाकून सहा तास ठेवली. दाणे सुटे, छान मोकळे दिसत होते, पण बोटांत चिरडले तर मध्ये कण लागतो. दुसऱ्या वाटीत ४५ ग्रॅम पाणी घातलं, म्हणजे एकूण १८०. दाण्यांच्या पातळीच्या जरासं खालीच राहतं एवढं हे पाणी. सहा तास ठेवली, मध्ये एकदा हलक्या हाताने खालीवर केली. दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबला की पूर्ण मऊ होऊन पसरतो, कण नाही, आणि वाटीच्या तळाला पाण्याचा थेंब नाही. तिसऱ्या वाटीत भरपूर पाणी घालून बुडवून ठेवला आणि सहा तासांनी निथळला. वजन २२० च्या पुढे गेलं. दाणे हात लावताच फुटून लगदा होत होते.

चौथी वाटी सगळ्यांत महत्त्वाची ठरली. पाणी दुसऱ्या वाटीएवढंच, ४५ ग्रॅम, पण वेळ फक्त दीड तास, म्हणजे कालच्यासारखी. वजन तेच, १८०. दिसायलाही जवळजवळ तशीच. पण वाटी तिरकी केली तर तळाला पाणी साचलेलं, दाण्याचं बाहेरचं अंग बुळबुळीत आणि आत पांढरा ठिपका.

दोन्ही वाट्यांत पाणी सारखंच आहे. एकीत ते दाण्याच्या आत आहे, दुसरीत बाहेर. कालचं सगळं बिघडणं यातच आहे असं मला वाटतंय. आत कोरडा दाणा आहे म्हणून फुटणं, आणि बाहेर मोकळं पाणी आहे म्हणून तेल. कालच्या वड्यांत दोन्ही होतं. फुटले नाहीत तेही तेलकट होते, फक्त फुटण्याच्या गडबडीत त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

१८ जून, बुधवार, रात्री

ऑफिसातून आल्यावर थोडंसंच करून पाहिलं. काकूंकडून कढईवर ठेवायची बारीक जाळी आणली आहे. ती झाकून एका वेळी एकच वडा.

दुसऱ्या वाटीच्या पद्धतीने भिजवलेल्या साबुदाण्याचे चार वडे, चौथ्या पद्धतीचे चार. बटाटा, कूट, मीठ सगळं सारखं. पहिल्या चारांतला एकही फुटला नाही. दुसऱ्या चारांतला एक फुटला आणि एकाला फुगा आला.

फुगा येताना नीट पाहता आलं. वड्याचं वरचं आवरण आधी तयार होतं, मग एका बाजूला गुळगुळीत उंचवटा येतो. तोपर्यंत तेलाचा एकसारखा सळसळ आवाज येत असतो, तो त्या वड्याभोवती कमी होतो. म्हणजे वाफ बाहेर यायची थांबली, आत कोंडली. त्यानंतर दोन-तीन सेकंदांत फुटतो. आवाज कमी झाला आणि उंचवटा दिसला तर झाऱ्याच्या कडेने तिथे हलकेच टोचावं, जाळी हातात धरूनच. एक वडा तसा वाचवला.

असं का होत असेल, याचं उत्तर काकूंनी नकळत दिलं. त्या उपवासाचा चिवडा करतात. त्यात नायलॉन साबुदाणा कोरडाच कडकडीत तेलात टाकतात आणि तो क्षणात फुलून तिप्पट होतो. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च. कारखान्यात दाणे गरम पृष्ठभागावर भाजले जातात, त्यामुळे त्यांचं बाहेरचं अंग आधीच थोडं शिजलेलं आणि चिवट असतं. आतला कोरडा भाग एकदम तापला की त्यात उरलेला थोडासा ओलावा वाफ होऊन दाण्याला आतून फुगवतो. चिवड्यात हेच हवं असतं. वड्यात असे पाच-पंचवीस अर्धेकच्चे दाणे कडक झालेल्या आवरणाखाली फुलू पाहतात आणि त्यांना जागा नसते. पूर्ण भिजलेला दाणा असा फुलत नाही. तो शिजून पारदर्शक होतो आणि जागच्या जागी राहतो.

२१ जून, शनिवार, योगिनी एकादशी

आईचा उपास. साबुदाणा रात्री दहाला भिजवला, १८० च्या हिशोबाने. सकाळी दाणा तपासला, कण नाही. बारा वडे केले आणि एकही फुटला नाही. आईच्या चेहऱ्यावर समाधान होतं, पण पहिला घास घेतल्यावर तिने वडा ताटलीच्या कडेला दाबला आणि ताटलीत तेलाचं तळं झालं.

यावेळी मोजलं होतं. तळण्याआधी कढईसकट तेलाचं वजन, सगळं गार झाल्यावर पुन्हा वजन. ११० ग्रॅम तेल गेलं, म्हणजे एका वड्यामागे नऊ ग्रॅम. दोन चमचे तेल एका वड्यात. हे खाऊन आईला दुपारभर जळजळ झाली.

साबुदाणा बरोबर होता. मग पाणी आलं कुठून? मिश्रण मळताना हाताला ओलसर लागत होतं आणि दहा मिनिटांनी परातीच्या कडेला पाणी सुटलं होतं. आठवून पाहिलं तर संशय दोनच गोष्टींवर जातो. बटाटे घाईत चिरून कुकरला लावले होते आणि गरमगरमच कुस्करले होते. दुसरं म्हणजे मीठ अगदी सुरुवातीला घातलं आणि मग फोनवर बोलत बसलो.

२२ जून, रविवार

मंडईतून दोन किलो बटाटे आणले. विकणाऱ्या मावशींनी सरळ विचारलं, "कशाला पाहिजेत? भाजीला की वड्याला?" वड्याला म्हटल्यावर जाड सालीचे जुने बटाटे निवडून दिले. अंगठ्याने घासून साल निघते तो नवा बटाटा. तो भाजीला चांगला, त्याचे तुकडे शाबूत राहतात, पण त्यात पाणी जास्त आणि किसला की चिकट होतो. महाशिवरात्रीच्या सुमाराला बाजारात नवा बटाटा भरपूर येतो. तेव्हाच्या उपासाला निवडून घ्यायला हवा, हे आत्ताच लिहून ठेवतो.

आता जूनमध्ये मिळतो तो बहुतेक शीतगृहातला. त्याची वेगळीच अडचण आहे. थंडीत राहिल्यावर बटाट्यातल्या स्टार्चची थोडी साखर होते. कालचे वडे दोन मिनिटांतच तांबूस झाले, मी फसून काढले आणि आतून ते नीट शिजलेच नव्हते, त्याचं हेही कारण असावं. असा बटाटा घरात टोपलीत, फ्रिजबाहेर, दोनेक आठवडे ठेवला की ही साखर बरीचशी कमी होते. एकादशीला बरोबर दोन आठवडे आहेत. टोपली कोनाड्यात, अंधारात ठेवली आहे.

आज जुन्या साठ्यातले बटाटे वापरून एवढंच पाहिलं. चार बटाटे सालासकट, न चिरता, पातेल्यात उकडले. चार चिरून कुकरला. चिरलेल्यांचे कोपरे पाणी पिऊन फुगलेले, हातात दाबले तर पाणी येतं. अख्ख्यांपैकी एकाची साल तडकली होती, तोही थोडा ओला. बाकी तीन कोरडे. सोलून, न किसता, गार होऊ दिले आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी किसले तर कीस अगदी मोकळा पडतो, किसलेल्या खोबऱ्यासारखा. गरम बटाटा कुस्करला की त्यातला शिजलेला स्टार्च बाहेर येऊन खळ होते. गार झालेल्यात ती घट्ट बसलेली असते. गार, किसलेला बटाटा साबुदाण्याला पुरेसा धरून ठेवतो आणि पाणी सोडत नाही.

२५ जून, बुधवार

दिवसभर पाऊस. अजिंक्यतारा ढगात.

शेंगदाण्याबद्दल काकूंशी बरीच चर्चा झाली. त्यांचं म्हणणं, कूट भरडच हवा. मी आजवर मिक्सरमध्ये बारीक करत होतो. दोन्ही करून पाहिले. मिक्सर सलग फिरवला तर कुटाला तेल सुटतं आणि चमच्याला चिकटायला लागतो. असा कूट मिश्रणातलं पाणी धरत नाही, उलट मिश्रण तुपकट करतो आणि वडा तेलात ठिसूळ होतो. थांबत थांबत, चार-पाच वेळा फिरवून काढलेला कूट जाड रव्याएवढा राहतो, त्यात काही कण गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढे. तो कोरडा असतो, आजूबाजूचा ओलावा शोषतो आणि वडा पोकळसर, खुसखुशीत होतो.

दाणे मंद आचेवर भाजायचे, आतपर्यंत. अर्धवट भाजलेला दाणा आत दमट राहतो. आणि अख्खी पाकळी राहू द्यायची नाही. वड्याच्या काठाला अर्धा दाणा आला की त्याच्याभोवती फट पडते. तिथून तेल आत शिरतं किंवा तुकडा सुटून तेलात जळतो आणि पुढच्या घाण्याला कडवट वास लागतो. हा वास गेल्या संकष्टीला आला होता, तेव्हा मी तेलाला दोष दिला होता.

प्रमाण असं ठरतंय: कोरडा साबुदाणा २५० ग्रॅम, उकडलेला बटाटा २५०, कूट १२५. बटाटा याहून वाढवला तर वडा मऊ, बटाटेवड्याच्या आतल्या भाजीसारखा लागतो. कमी केला तर दाणे सुटतात.

२८ जून, शनिवार

आज फक्त तेल. काकांच्या मुलाकडून तळणाचा थर्मामीटर आणला.

शेंगदाण्याचं तेल, खोलगट कढईत एक लिटर. १५० अंशांना वडा टाकला तर तो तळाला बसून राहतो, बुडबुडे आळशी येतात, आवरण धरायला तीन-साडेतीन मिनिटं जातात. तोवर वडा तेलात भिजत असतो. खाल्ला तर सगळीकडून तेल. १९० ला टाकला तर मिनिटभरात रंग येतो, आत गार. आणि आवरण इतक्या लवकर कडक झालं की या एकाच वड्याला आज फुगा आला, साबुदाणा नीट भिजलेला असूनही. तेव्हा फुटणं म्हणजे दर वेळी साबुदाण्याचीच चूक, असं नाही. फार कडक तेलातही वाफेला वाट राहत नाही. १७० ते १७५ ला वडा टाकताच बुडतो, चार-पाच सेकंदांत वर येतो, सगळ्या बाजूंनी बारीक एकसारखे बुडबुडे येतात. पाच मिनिटांत आतपर्यंत होतो.

थर्मामीटर परत द्यायचा आहे, म्हणून मिश्रणाची हरभऱ्याएवढी गोळी टाकून पाहिली. १७५ ला गोळी तळाला टेकते न टेकते तोच वर येते आणि अर्ध्या मिनिटाने फिकट सोनेरी होते. १५० ला तळाला रेंगाळते. १९० ला ती बुडतच नाही, वरच नाचते आणि लगेच तांबडी होते.

मग एका वेळी किती टाकायचे ते पाहिलं. आठ वडे टाकल्यावर तेल १७५ वरून १५० च्या खाली गेलं आणि चार मिनिटं तिथेच राहिलं. आच मोठी केली होती तरीही. पाच टाकले तर १६२ पर्यंत उतरतं आणि मिनिटाभरात १७० ला येतं. या कढईत, या शेगडीवर, पाच. घाई झाली की आपण सगळे हेच करतो, एक जास्तीचा टाकतो, आणि त्यामुळे सगळा घाणा तेलकट होतो.

काढल्यावर काय करायचं, हे मला सगळ्यांत नवीन होतं. तळताना आतून वाफ बाहेर ढकलत असते, त्यामुळे तेलाला आत जायला फारशी वाट नसते. वडा बाहेर काढला की वाफ थंड होऊन आक्रसते आणि अंगावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणजे वडा बरंचसं तेल कढईबाहेर पितो. एकाच घाण्यातले तीन वडे झाऱ्यावर कढईवरच पंधरा सेकंद निथळवून, एकदा झटकून, मग तारेच्या जाळीवर उभे ठेवले. दोन थेट ताटात, कागदावर आडवे. दहा मिनिटांनी मोडून पाहिले. जाळीवरच्यांचं आवरण कोरडं आणि आतला बटाटा कोरडा. ताटातल्यांची खालची बाजू मऊ पडलेली, कागद तेलाने पारदर्शक झालेला आणि तरी वड्याच्या आत बोटभर तेलाचा ओघळ. कागद तेल टिपतो ते खरं, पण खाली वाफ कोंडते आणि आवरण नरम होतं. एकावर एक रचलेल्या वड्यांचंही तेच होतं.

२९ जून, रविवार

सगळं एकत्र करून पहिली पूर्ण खेप. २५० ग्रॅमच्या प्रमाणाची.

साबुदाणा रात्रभर भिजलेला, ४५० ग्रॅम. कापडावर अर्धा तास पसरला. बटाटा काल उकडून आज किसलेला. कूट. सहा हिरव्या मिरच्या जिऱ्याबरोबर वाटून, पाणी न घालता. आमच्याकडे उपासाला जिरं चालतं, कोथिंबीर चालत नाही. काकूंकडे दोन्ही चालतात. साखर अर्धा चमचा, कारण जास्त झाली की रंग लवकर येतो. लिंबू अर्धं. मीठ सगळ्यांत शेवटी, तेल तापायला ठेवल्यावर.

मळताना पिठासारखं तिंबायचं नाही, पण नुसतं कालवूनही चालत नाही. मूठभर मिश्रण दाबलं की दहा-बारा दाणे चिरडतात, त्यांचाच चिकटपणा बाकीच्यांना धरतो. गोळा वळून तळहातावर थापला, दीड सेंटिमीटर जाड, सहा रुंद. गोल चेंडूसारखा केला तर मधला भाग शिजायला वेळ लागतो, तोवर बाहेरचं फार कडक होतं. कडेला चीर दिसली तर बोटाने मिटवून घ्यायची. हाताला पाणी लावायचं नाही, तेलाचा हात घ्यायचा. पाण्याचा हात लावलेला एक वडा टाकला तेव्हा तेल जाळीपर्यंत उडालं.

टाकल्यावर दीड मिनिट हात लावायचा नाही. आवरण धरायच्या आत झारा घातला तर वड्याचे दाणे सुटतात.

अठरा वडे झाले. फुटला एकही नाही. तेल गेलं ७५ ग्रॅम, वड्यामागे चार ग्रॅमच्या आसपास. २१ तारखेच्या निम्म्याहून कमी. आईने वडा ताटलीवर दाबून पाहिला, तेल आलं नाही. तिने दुसरा घेतला.

२ जुलै, बुधवार

एकादशीसाठी एक किलो साबुदाणा आणला. नेहमीच्या दुकानात मध्यम संपला होता, म्हणून दुसरीकडून घेतला. घरी येऊन पाहिलं तर दाणा बारीक, काचेसारखा अर्धपारदर्शक. नायलॉन. तरी १०० ग्रॅम भिजवून पाहिला. सहा तासांनीही काही दाणे मऊ, काही आत कडक. चिवड्याचाच हा. काकूंना देऊन टाकला. मध्यम साबुदाणा उद्या राजवाड्याजवळून आणायचा. त्याचं १०० ग्रॅमचं भिजवणं पुन्हा करून पाहायचं, दुकान बदललं की पाणीही बदलू शकतं.

३ जुलै, गुरुवार

पाहिलं. नवीन साबुदाण्याला ४५ ग्रॅम पाणी थोडं कमी पडतं, मध्ये कण राहतो. ५५ ला बरोबर.

५ जुलै, शनिवार, रात्री साडेदहा

चोपन्न वड्यांना साबुदाणा ७५० ग्रॅम, बटाटा ७५०, कूट ३७५. धुतलेल्या साबुदाण्यात ४१० ग्रॅम पाणी घातलं. एका खोल पातेल्यात नाही, तीन पसरट परातींत, नाहीतर तळाचे दाणे लगदा होतात आणि वरचे कोरडे राहतात. बटाटे उकडून, सोलून फ्रिजमध्ये. कूट डब्यात. झोपण्यापूर्वी एकदा खालीवर करून पुन्हा झाकले.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी सातला तिन्ही पराती तपासल्या. प्रत्येक परातीतून वरचे, मधले, तळाचे असे दहा दाणे चिरडले. तिसऱ्या परातीत दोन दाण्यांत बारीक कण लागला. तिच्यावर दोन चमचे पाणी शिंपडून ओलं कापड टाकलं, दहापर्यंत गेला कण.

मिश्रण एकदम मळलं नाही. बटाटा, कूट, मिरची मिसळून तीन भाग केले आणि मीठ-लिंबू त्या-त्या भागात, तळायला घ्यायच्या वेळी. पहिल्या भागाला पाणी सुटलं नाही. दुसऱ्या भागात मीठ घातलं आणि नेमके पुण्याचे पाहुणे आले, दारात वीसेक मिनिटं गेली. परत आलो तर मिश्रण ओलसर. घाबरलो होतो. काकूंनी दोन मोठे चमचे राजगिऱ्याचं पीठ घालायला सांगितलं. त्याने सावरलं, पण त्या वड्यांचं आवरण जरा जास्त कडक झालं, चावताना कळत होतं. पीठ हा शेवटचा उपाय ठेवावा, आधीच प्रमाणात धरू नये.

पाच-पाचचे दहा घाणे आणि शेवटचा सहाचा. एका घाण्याला सहा-सात मिनिटं, सगळे मिळून सव्वा तास. सातव्या घाण्यानंतर तेलात जळलेले कण दिसायला लागले, ते बारीक गाळणीने काढले आणि तेल पुन्हा तापू दिलं. मुलांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवलं होतं, आणि जाळी शेवटपर्यंत कढईवर होती.

एकूण छप्पन्न वडे झाले. नवव्या घाण्यात एका वड्याला उंचवटा आला. आवाज कमी झाल्याचं लक्षात आलं, टोचला, वाफ निघून गेली. मोडून पाहिला तर कडेला अर्धी पाकळी शेंगदाणा होता, तिच्याभोवती पोकळी. फुटला एकही नाही.

बरोबर काकडीची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर आणि गोड दही. आईने देवापुढे नैवेद्याला पहिल्या घाण्यातले दोन ठेवले.

७ जुलै, सोमवार, द्वादशी

कढईसकट तेलाचं वजन केलं. २४० ग्रॅम गेलं, वड्यामागे सव्वाचार. दुसऱ्या भागाच्या ओल्या मिश्रणाने थोडं वाढवलं असणार.

उरलेले दोन वडे सकाळी जाड तव्यावर, तेल न घालता, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी गरम केले. आवरण पुन्हा कुरकुरीत झालं, आत मात्र साबुदाणा थोडा घट्ट राहिला. उरलेलं तेल गाळून बाटलीत भरलं आहे. थर्मामीटर आज संध्याकाळी परत द्यायचा. काकूंचं मनगट बरं आहे. त्यांना श्रावणी सोमवारी पंचवीस वडे हवे आहेत, कोथिंबीर घालून.